ओटीपी कोणालाच सांगितला नव्हता! बँकग्राहकाने सायबर फसवणुकीवरील पुस्तिका कशा वाचाव्यात?

फोंड्यातील एका शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे. मात्र त्यातील प्रत्येक पायरी आजच्या फसवणुकीत प्रत्यक्ष वापरली जाते. बाईंचे वय ५३. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य त्यांनी बँकेच्या भिंतीवर, एटीएमच्या पडद्यावर आणि वर्तमानपत्रात इतक्या वेळा वाचले आहे की, तो विषय आपल्याला समजला अशी त्यांची खात्री झाली आहे. शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठ वाजता त्यांच्या व्हॉट्सॲपवर संदेश येतो : मागील वीजबिलाची नोंद झालेली नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा तोडण्यात येईल. लगेच फोनही येतो. बोलणारा अदबीने सांगतो की, चूक संगणकाची आहे. पाठवलेले ॲप उघडून केवळ बारा रुपये भरा, नोंद आपोआप दुरुस्त होईल.

बाई ॲप घेतात. त्यात वीज खात्याच्या पानासारखेच पान दिसते. बारा रुपये भरण्यासाठी त्या आपल्या बँकेचे नाव निवडतात आणि नेटबँकिंगचा आयडी व पासवर्ड लिहितात. ‘सर्व्हर व्यस्त आहे’ असे उत्तर येते. फोनवरचा माणूस थोडा वेळ थांबायला सांगतो. आठ वाजून बारा मिनिटांनी खात्यातून ४९,००० रुपये जातात.

बाईंनी ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता, तरीही पैसे गेले. सायबर फसवणुकीवरील साध्या भाषेतील पुस्तके आणि पुस्तिका चाचपून पाहण्यासाठी याहून चांगली कसोटी नाही. जे पुस्तक ‘सांगू नका’ एवढ्यावर थांबते, ते या बाईंच्या उपयोगाचे नाही. ओटीपी न सांगताही चोराच्या हाती कसा पडला, गेलेल्या पैशांचा भार कोणावर आणि पुढच्या तासाभरात काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे जे देते, तेच मध्यमवयीन बँकग्राहकाच्या कामाचे.

विनामूल्य मिळणाऱ्या दोन पुस्तिका

या विषयावर सुरुवात करण्यासाठी पैसे खर्चून पुस्तक विकत घेण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली दोन पुस्तिका प्रसिद्ध केल्या. त्या तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात.

पहिलीचे नाव ‘बी(अ)वेअर’. ‘सावध राहा’ आणि ‘जाणते व्हा’ हे दोन्ही अर्थ इंग्रजी नावाच्या कोटीत दडलेले आहेत. ही पुस्तिका पाठ्यपुस्तकासारखी आहे. प्रत्येक फसवणुकीसाठी आधी चोराची कार्यपद्धती आणि मग ग्राहकाने घ्यायची खबरदारी, अशी तिची मांडणी आहे. बनावट दुवे, बँकेच्या नावाने येणारे फोन, सिमकार्डाची अदलाबदल, क्यूआर कोड, मोबाईलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारी ॲप, इंटरनेटवर शोधल्यावर सापडणारे खोटे ग्राहकसेवा क्रमांक, इतकेच नव्हे तर बनावट कर्जे देणारी ॲपही तिच्यात येतात. एखाद्या प्रकाराचे नाव कानावर आले आणि तो नेमका काय आहे हे पाहायचे असेल, तर ही पुस्तिका हाताशी असावी.

दुसरी ‘राजू अँड द फॉर्टी थीव्हज’, म्हणजे राजू आणि चाळीस चोर. महाराष्ट्र व गोव्याचे काम पाहणाऱ्या मुंबईतील लोकपाल कार्यालयाने ती तयार केली. बँकग्राहकांच्या तक्रारी ज्या कार्यालयात येतात, तेथूनच ती आल्याने तिच्यातील प्रसंग ओळखीचे वाटतात. चित्रांसह चाळीस छोट्या गोष्टी आहेत. राजू कधी शेतकरी असतो, कधी ज्येष्ठ नागरिक, तर कधी निर्धास्त वृत्तीचा तरुण. दर वेळी तो फसतो आणि गोष्टीखाली काय करावे, काय टाळावे हे दिलेले असते. नियम लक्षात राहत नाहीत, गोष्ट राहते. म्हणून घरात आईवडिलांना किंवा काकांना वाचून दाखवण्यासाठी पहिलीपेक्षा हीच अधिक उपयोगी पडते.

या दोन्ही पुस्तिका वाचताना एक सवय लावून घ्यावी. प्रत्येक गोष्टीत ‘पैसे नेमके कोणत्या क्षणी हलले आणि ती परवानगी कोणाच्या हातून गेली?’ असा प्रश्न विचारावा. क्यूआर कोडच्या गोष्टीत परवानगी राजूच्याच हातून जाते : पैसे मिळतील या समजुतीने तो कोड स्कॅन करतो आणि यूपीआय पिन दाबतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन दाबणे म्हणजे पैसे देणे. हे सूत्र समजले की त्या जातीच्या दहा गोष्टी एकदम समजतात. नाहीतर चाळीस चोर वाचूनही एक्केचाळिसावा ओळखता येत नाही.

बाईंचा ओटीपी चोराला कसा मिळाला?

आता हाच प्रश्न फोंड्याच्या प्रसंगाला लावू. बाईंनी घेतलेले ॲप गुगलच्या प्ले स्टोअरमधून आलेले नव्हते; ते व्हॉट्सॲपवरील फाईल होते. अशा फाईलच्या नावाच्या शेवटी .apk ही अक्षरे असतात. अँड्रॉइड फोनमध्ये ती उघडताना अनोळखी ठिकाणाहून ॲप घेण्याची परवानगी मागणारी सूचना येते. बाईंनी ती दिली, कारण फोनवरचा माणूस ‘आता असे दिसेल, ‘हो’ म्हणा’ असे आधीच सांगत होता.

त्यानंतर ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. सगळा खेळ या एका परवानगीत होता. ती मिळाल्यावर फोनवर येणारा प्रत्येक संदेश ते ॲप गुपचूप चोराकडे पाठवू लागले. बनावट पानावर लिहिलेला आयडी आणि पासवर्ड आधीच त्याच्याकडे गेला होता. त्याने आपल्या संगणकावरून बाईंच्या नावाने नेटबँकिंग उघडले, बँकेने नियमाप्रमाणे बाईंच्या फोनवर ओटीपी पाठवला आणि बाईंनी तो वाचण्यापूर्वीच तो चोराच्या पडद्यावर पोहोचला होता.

म्हणजे बँकेची कुलपे दोन होती : ग्राहकाला ठाऊक असलेला पासवर्ड आणि ग्राहकाच्या हातातला फोन. दुसरे कुलूप सुरक्षित राहण्यासाठी ‘फोनमध्ये शिरणारा एसएमएस फक्त मालकच वाचतो’ हे गृहीत धरलेले असते. त्या ॲपने हे गृहीतकच मोडले. ‘ओटीपी सांगू नका’ हा सल्ला चुकीचा नाही. तो बोलून दिल्या जाणाऱ्या ओटीपीपुरता आहे. आजच्या वाचकासाठी त्याच्या जोडीला दुसरे वाक्य हवे : संदेशातून आलेले ॲप फोनमध्ये घेऊ नका आणि एसएमएस वाचण्याची परवानगी मागणाऱ्या ॲपला त्याची गरज का आहे हे कळल्याखेरीज ‘हो’ म्हणू नका. वीजबिल भरण्यासाठी कोणालाही तुमचे संदेश वाचण्याची आवश्यकता नसते.

आपल्या फोनमध्ये असे काही आधीच शिरले आहे का, हेही पाहता येते. सेटिंग्जमध्ये परवानग्यांच्या पानावर जाऊन ‘एसएमएस’ उघडले की, संदेश वाचू शकणाऱ्या ॲपची यादी दिसते. तिथे संदेशांचे मूळ ॲप, बँकेचे व यूपीआयचे ॲप दिसणे स्वाभाविक आहे. लग्नपत्रिका, वाहतूक दंड किंवा वीजबिल अशा नावाचे काही दिसले, तर ते तेथे असण्याचे कारण नाही. विकत घेण्यासाठी एखादे पुस्तक चाळत असाल, तर परवानग्यांवरचे हे प्रकरण त्यात आहे का ते आधी पाहावे.

गेलेल्या पैशांचा भार कोणावर?

बहुतेक लोकप्रिय पुस्तके इथे गप्प होतात. फसवणूक कशी होते हे ती रंगवून सांगतात. झाल्यानंतर ग्राहकाचा हक्क काय, हे सांगत नाहीत. या हक्काची चौकट रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिली. सहकारी बँकांसाठी तशाच स्वरूपाचे परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ रोजी निघाले. गोव्यात अनेकांची खाती सहकारी बँकांत असल्याने हे दुसरेही लक्षात ठेवावे. प्रत्येक बँक या चौकटीवरून आपले ग्राहक-संरक्षण धोरण ठरवते आणि ते संकेतस्थळावर ठेवते. नियम बदलत असल्याने आपल्या बँकेचे चालू धोरण एकदा वाचून घ्यावे.

चौकट थोडक्यात अशी. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कोठल्या व्यवस्थेत भगदाड पडले, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकाचा भार शून्य. चार ते सात दिवसांत कळवले, तर भार मर्यादित. साध्या बचत खात्यासाठी ही मर्यादा एका व्यवहारामागे १०,००० रुपयांपर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. तिसरी शक्यता ग्राहकाच्या निष्काळजीपणाची. त्याने स्वतःच पासवर्ड वगैरे दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतरचे नुकसान मात्र बँकेचे.

हे फोंड्याच्या प्रसंगात कसे लागू होईल? आठ वाजून बारा मिनिटांनी ४९,००० रुपये गेले. बाईंनी सव्वाआठच्या सुमारास संदेश पाहिला आणि आठ पंचवीसला मुलाच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घेतला. तरीही आठ एक्केचाळीसला आणखी ३१,००० रुपये गेले. एकूण ८०,०००. बाईंनी बनावट पानावर पासवर्ड लिहिला असल्याने बँक पहिल्या रकमेबाबत निष्काळजीपणा दाखवून देण्याचा प्रयत्न करील. तो सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेचीच आहे. पण तो सिद्ध झाला तरी दुसरे ३१,००० रुपये तक्रारीनंतर गेलेले आहेत आणि त्यांचा भार बँकेवर येतो. आठ पंचवीसची ती नोंद आणि तिचा क्रमांक यांचे मोल इथे कळते. ‘सकाळी शाखेत जाऊन बघू’ असे म्हटले असते, तर सगळेच ८०,००० रुपये बाईंच्या माथी आले असते.

कामकाजी दिवस कसे मोजायचे, तेही पाहावे. मोजणी आपल्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाने होते आणि सूचना मिळाल्याचा दिवस धरला जात नाही. शुक्रवारी सूचना आली आणि पुढचा शनिवार महिन्यातला दुसरा असेल, तर शनिवार-रविवार सुटीचे. सोमवार, मंगळवार, बुधवार हे तीन दिवस. पण ही मुदत केवळ भार ठरवण्यासाठी आहे, पैसे परत मिळवण्यासाठी नव्हे. चोरलेली रक्कम इतरांच्या नावावरील भाड्याच्या खात्यांतून काही मिनिटांत पुढे सरकत जाते. म्हणून बँकेनंतर लगेचचा दुसरा फोन १९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनला. तेथे व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि खाते सांगितले की, ज्या बँकेत रक्कम पोहोचली तिला ती रोखून ठेवण्याची सूचना जाते. रक्कम खात्यात असेपर्यंतच ती रोखता येते. एटीएममधून रोख काढली गेल्यावर हा मार्ग बंद होतो. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर करावी. हे सगळे दुसऱ्या फोनवरून करावे. आपल्या फोनचे इंटरनेट बंद करून विमान-मोड लावावा, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावा आणि आलेला संदेश व फाईल पुराव्यासाठी लगेच पुसून टाकू नये.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनामूल्य तक्रार करता येते. ती करताना बँकेकडे आधी केलेल्या तक्रारीचा क्रमांक लागतो. तो नसेल तर तक्रार पुढे सरकत नाही.

पुस्तकाचे वय पाहा

धान्याप्रमाणे या विषयावरील पुस्तकालाही जुनेपणाचा वास येतो. तो ओळखण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत. पहिली हेल्पलाईनची. २०२१ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा तिचा क्रमांक १५५२६० होता. नंतर तो १९३० झाला. पुस्तकात जुनाच क्रमांक असेल, तर तो आवर्जून खोडून नवा लिहावा. दुसरी खूण यूपीआयची. जुन्या पुस्तिकांत चोर ‘पैसे मागणारी विनंती’ पाठवतो आणि ग्राहक ती मान्य करून फसतो, अशी गोष्ट हमखास असते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. ते दार बंद झाले म्हणून गोष्ट टाकाऊ ठरत नाही. पिन म्हणजे पैसे देणे हे तिचे सूत्र कायम आहे. मात्र ‘विनंती आली नाही, म्हणजे धोका नाही’ असा उलटा निष्कर्ष वाचकाने काढू नये.

काही चांगले बदलही जुन्या पुस्तकांत सापडणार नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .bank.in या शेवटाच्या पत्त्यावर न्यायची होती. हा शेवट कोणालाही विकत घेता येत नाही, त्यामुळे पत्ता तपासण्यासाठी ग्राहकाच्या हाती एक ठोस साधन आले आहे. पत्त्याच्या मध्ये कोठे तरी bank लिहिलेले असणे आणि पत्ता .bank.in ने संपणे, या दोन गोष्टींतला फरक तेवढा पाहायला हवा.

सर्वांत मोठी उणीव ‘डिजिटल अटके’ची. हा शब्द देशभर परिचित झाला तो २०२४ साली. त्या वर्षी २७ ऑक्टोबरच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही त्यावर इशारा दिला. २०२२ च्या पुस्तिकांत तो असणे शक्य नव्हते. यात पोलीस किंवा तपास अधिकाऱ्याचा वेष केलेला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावे गुन्हा असल्याचे सांगतो, कोणाशी बोलू देत नाही आणि ‘तपासणीसाठी’ पैसे पाठवायला लावतो. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूदच नाही.

बँकग्राहकाच्या दृष्टीने हा प्रकार फोंड्याच्या प्रसंगाहून अधिक घातक आहे आणि त्याचे कारण पुस्तकांनी स्पष्टपणे सांगायला हवे. वर सांगितलेले परिपत्रक ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे. डिजिटल अटकेत माणूस भीतीपोटी का होईना, पण स्वतः शाखेत जाऊन ठेव मोडतो आणि स्वतःच पैसे पाठवतो. बँकेच्या कागदावर तो त्याचाच व्यवहार असतो. तेथे ‘तीन कामकाजी दिवसां’चा आधार सहसा मिळत नाही, १९३० वर जितक्या लवकर फोन जाईल, तेवढीच आशा. म्हणून अशा वेळी बचाव पैसे पाठवण्यापूर्वीच व्हावा लागतो, आणि तो म्हणजे कॉल बंद करून घरातल्या माणसाला सांगणे.

परदेशी पुस्तकांची मदत इथे मर्यादित आहे. फ्रँक ॲबग्नेल यांचे २०१९ चे ‘स्कॅम मी इफ यू कॅन’ सोप्या इंग्रजीत आहे आणि चोर घाई, भीती व अधिकाराचा धाक कसा वापरतात हे त्यातून कळते. माणसाचे मन फोंड्यात आणि फ्लोरिडात सारखेच घाबरते. पण त्यातील बँका, कायदे आणि तक्रारीची ठिकाणे अमेरिकेची आहेत. तेथे यूपीआय नाही, १९३० नाही. असे पुस्तक चोराचा स्वभाव समजण्यासाठी वाचावे; आपला हक्क समजण्यासाठी रिझर्व्ह बँकेचेच कागद वाचावेत.

शेवटचे पान हाताने लिहावे

कोणतीही पुस्तिका घेतली, तरी तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ग्राहकाने चार ओळी स्वतःच्या हाताने लिहून ठेवाव्यात. डेबिट कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा हेल्पलाईन क्रमांक, १९३०, आपल्या खात्याच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक आणि शाखेचे नाव, आणि घरातल्या एका व्यक्तीचा फोन, जिला विचारल्याखेरीज अनोळखी कॉलवरून एक रुपयाही पाठवायचा नाही. पासवर्ड किंवा पिन मात्र या पानावर लिहू नये. बँकेचा क्रमांक ऐनवेळी इंटरनेटवर शोधायला गेल्यास खोटा क्रमांक सापडण्याची भीती असते, म्हणून तो कार्डावरूनच उतरवावा. फोंड्याच्या बाईंना संदेश दिसला सव्वाआठला आणि तक्रार नोंदली गेली आठ पंचवीसला. तो क्रमांक शोधण्यात आणखी वीस मिनिटे गेली असती, तर दुसरे ३१,००० रुपयेही तक्रारीआधी गेलेल्या रकमेतच जमा झाले असते.